माल कोणाचा, हात कोणाचे?

गेल्या चैत्रात माझी पुतणसून माझ्याकडे आली. हातात एक वही आणि बँकेचं पासबुक. म्हणाली, "काकू, बारा हजार साठलेत. त्यांच्या कंपनीत काही खरं नाही. मी काहीतरी सुरू करते. डबे देऊ की कांदा-लसूण मसाला करून विकू? तुम्ही इतकी वर्षं कर्जं दिलीत, तुम्हीच सांगा."

मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी लहान कर्जांच्या टेबलावर. शिलाई मशीन, शेवयांचं यंत्र, पापड, शेळ्या, भाजीचा गाडा यांसाठी लोक पैसे मागायला येत आणि त्यांचे अर्ज मी तपासत असे. तिला उत्तर लगेच देता आलं असतं, पण मी दिलं नाही. कारण हाच सल्ला मी पूर्वी एकदा झटक्यात दिला होता आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागली होती. ती हकीकत पुढे येईलच. आधी प्रश्न नीट मांडू.

डबे म्हणजे सेवा आणि मसाला म्हणजे माल, अशी सोपी वाटणी आपण करतो. सेवेला भांडवल कमी लागतं आणि मालाला जास्त, हेही सगळे सांगतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. नेमका फरक कुठे आहे हे समजायला जुना शिंपी बघावा. गिऱ्हाईक कापड घेऊन येतं, शिंपी माप घेतो, शिवून देतो आणि शिलाई घेतो. कापडाचे पैसे गिऱ्हाइकाचे. रंग आवडला नाही, कापड आटलं, तरी शिंप्याचं काही बुडत नाही. तोच शिंपी उद्या तयार सदरे शिवून दुकानात टांगू लागला, की कापड त्याचं, बटणं त्याची, आणि न खपलेले सदरेही त्याचेच. हात तेच, मशीन तेच, कसबही तेच. बदललं ते एवढंच, की काम सुरू झाल्यापासून पैसे हातात येईपर्यंत मधल्या काळात कोणाचे पैसे गुंतून राहतात.

गिरणीवाला दळणावळ घेतो तेव्हा गहू आपला असतो. उन्हाळ्यात डंकावर मिरची कांडून आणतो तेव्हा मिरची आपली असते. म्हणून पैशाविना धंदा करू पाहणाऱ्याने पहिला प्रश्न 'सेवा की माल' हा विचारू नये. 'मधले दिवस कोणाच्या खिशातून जाणार?' हा विचारावा. हे दिवस सेवेतही लांबू शकतात आणि मालातही आखूड करता येतात. याची दोन ठळक उदाहरणं एकाच शहरात, मुंबईत सापडतात.

पहिलं उदाहरण गिरणगावातल्या खानावळवाल्यांचं. कोकण आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून चाळीत राहत आणि एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. बाईकडे भांडवल नव्हतं. होती ती एक खोली, चूल आणि हात. वरवर पाहता ही शुद्ध सेवा. पण कामगाराचा पगार महिन्याने होई आणि जेवणाचे पैसे पगारानंतर मिळत. तोवर तीस दिवसांचा तांदूळ, तेल, मासळी, रॉकेल बाईलाच आणावं लागे. तिच्याकडे पैसे नसल्यामुळे ती वाण्याकडून उधारीवर आणी, आणि उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो. नाहीतर सावकाराकडे जाई. म्हणजे जेवणारा खात होता तिच्या कर्जावर, आणि तिच्या कष्टातलं वरचं साय वाणी आणि सावकार काढून घेत होते.

प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते याच बायकांसाठी. बायका स्वयंपाक उत्तम करत होत्या, गिऱ्हाईकही बांधलेलं होतं. अडचण होती ती मधल्या तीस दिवसांची. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालेलं असल्यामुळे गरिबांना छोटी कर्जं देण्याची सोय कागदावर तरी होती. मंडळाने बायकांचे गट करून एकमेकींना हमी राहायला लावलं आणि ती कर्जं मिळवून दिली. सावकाराच्या जागी बँक आली. धंदा तोच राहिला, फक्त मधल्या दिवसांचा भाव उतरला. आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा याच व्यवस्थेची दुसरी बाजू उघडी पडली. पगारच थांबले, की उधार जेवलेल्या महिन्याचं काय? महिन्याअखेर पैसे घेणारी सेवा ही खरं तर गिऱ्हाइकाला दिलेलं कर्ज असते.

दुसरं उदाहरण लिज्जत पापडाचं. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटले, तेव्हा त्यांच्याजवळ उसने घेतलेले ऐंशी रुपये होते. ही गोष्ट आपण बहुधा जिद्दीची गोष्ट म्हणून ऐकतो. मी ती हिशेबाची गोष्ट म्हणून वाचते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. चारच पाकिटं, आणि एकच गिऱ्हाईक. दहा दुकानांत माल ठेवून वाट बघणं नाही. ऐंशी रुपये लवकर परत आले, की त्याचीच पुन्हा उडदाची डाळ. पैसा लहान होता, पण तो सारखा फिरत होता. माल असूनही मधले दिवस फार थोडे होते.

तरीही माल तो मालच. पहिल्या वर्षी पावसाळा आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी एक खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली शेगडी ठेवायची. खानावळीला पावसाची अशी धास्ती नसते. लोकांना पावसातही भूक लागते. माल मात्र हवेशी, जागेशी आणि काळाशी बांधलेला असतो.

लिज्जतच्या रचनेत आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा लक्षात येत नाही. संस्था पीठ भिजवून देते, बाई ते घरी नेते, पापड लाटून दुसऱ्या दिवशी आणून देते आणि लाटणावळ घेते. डाळ तिची नाही, न खपलेल्या पापडाची काळजी तिच्या एकटीच्या डोक्यावर नाही. जगाला तो माल दिसतो, पण लाटणारीच्या बाजूने पाहिलं तर तिचं काम शिंप्यासारखं आहे: कापड दुसऱ्याचं, हात आपले. वर ती संस्थेची सभासद असल्यामुळे नफ्यातही तिचा वाटा असतो. भांडवल नसलेल्या बाईला मालाच्या धंद्यात कसं उभं करायचं, याचं उत्तर त्या रचनेतच आहे.

आता माझी हकीकत. २००६ साल असेल. एक बाई माझ्याकडे पंचवीस हजारांच्या कर्जासाठी आल्या. त्या ब्लाउज शिवत. महिन्याला फार नाही, पण घर चालेल एवढं मिळत होतं. त्यांच्या हातच्या चटणीचं मात्र गल्लीत नाव होतं. किलोमागे खर्च दीडशे आणि दुकानदाराला भाव एकशे नव्वद, असा हिशेब त्यांनी आणला होता. मी तो तपासला, बरोबर होता. किलोमागे चाळीस सुटतात, महिन्याला शंभर किलो गेले तर चार हजार, हप्ता सहज निघेल. मी शेरा मारला आणि वर आपणहून म्हटलं, "बाई, आता शिलाई बंद करा. एकाच धंद्यात पूर्ण लक्ष घाला." त्यांनी ऐकलं.

वर्षभर विक्री वाढत होती. सहा दुकानांची बावीस दुकानं झाली. त्यांची वही बघून मला समाधान वाटत असे. आणि बाराव्या महिन्यात हप्ता थकला. मी घरी गेले, वही मांडून बसले, तेव्हा कुठे कळलं. नवीन दुकान धरलं की त्याला सुरुवातीला चार-पाच किलो माल द्यावा लागे. दुकानदार म्हणे, विकलं की पैसे देतो. विकल्यावर तो पैसे देई, पण त्याच वेळी तेवढाच नवा माल मागून घेई. फळीवर पाच किलो कायम राहतच. बावीस दुकानं, प्रत्येकी पाच किलो, म्हणजे एकशे दहा किलो. दीडशेने साडेसोळा हजार रुपये. पंचवीस हजारांच्या कर्जातले साडेसोळा हजार इतरांच्या फळ्यांवर जाऊन बसले होते. वाढ जितकी होई तितका पैसा अडके. वर पावसाळ्यात सुकं खोबरं खवट होऊन काही पाकिटं परत आली. विक्री खरी होती, नफाही कागदावर खरा होता, पण घरात मीठ आणायला पैसे नव्हते. आणि जी शिलाई रोजचे दोन पैसे आणत होती, ती मी बंद करायला लावली होती.

शेवटचे हप्ते त्यांनी शिलाई मशीन विकून भरले. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. नंतर दुसऱ्याच्या दुकानात मशीनवर बसायला लागल्या. मी किलोमागचा नफा तपासला होता. दिवस तपासले नव्हते.

म्हणून पुतणसुनेला म्हटलं, "बस, आपण दिवस मोजू."

आधी डबे. दुपारचा एक डबा: तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात. भाव ऐंशी रुपये, सामान आणि गॅस धरून खर्च पंचेचाळीस. तिने दहा गिऱ्हाइकं बोलून ठेवली होती. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर येणार वीस हजार आठशे, जाणार अकरा हजार सातशे, उरणार नऊ हजार शंभर. तिचा चेहरा उजळला. मी विचारलं, "पैसे कधी घेणार?" म्हणाली, "महिन्याअखेर. सगळे तसेच घेतात."

मग पुढचं गणित केलं. रिकामा डबा दुसऱ्या दिवशी परत येतो, म्हणून दहा गिऱ्हाइकांना वीस डबे हवेत. अडीचशेने पाच हजार. बारातले सात उरले. रोजचा खर्च साडेचारशे. पंधरा दिवसांत सहा हजार सातशे पन्नास संपले. सोळाव्या दिवशी तिच्या हातात अडीचशे रुपये असणार, आणि पहिला रुपया येणार सव्विसाव्या दिवसानंतर. मधले दहा दिवस वाण्याची उधारी. म्हणजे गिरणगावातली तीच खोली आणि तोच वाणी.

पण हेच डबे पंधरवड्याच्या आगाऊ पैशांवर दिले तर? तेरा दिवसांचे दहा जणांचे दहा हजार चारशे पहिल्याच दिवशी हातात येतात. तेरा दिवसांचा खर्च पाच हजार आठशे पन्नास. तिला स्वतःचे पैसे घालावे लागतात ते फक्त डब्यांचे. दहापैकी दोघं-तिघं आगाऊ द्यायला नाही म्हणतील; त्यांना आठवड्याच्या बोलीवर घ्यावं, नाहीतर सोडावं. सात आगाऊवाले दहा उधारीवाल्यांपेक्षा बरे, कारण ते स्वतःच्या जेवणाचं भांडवल स्वतः आणतात.

आता मसाला. मिरची, धने, तीळ, खोबरं, लसूण, कांदा, तेल, कांडप आणि पाकीट धरून किलोला तिचा खर्च साडेचारशेच्या आसपास येत होता. दुकानदाराला साडेपाचशेने द्यायचा. बारा हजारांत पंचवीस किलो होतो. सगळा खपला तर अडीच हजार सुटतात. दुकानातून पैसे फिरून यायला दोन महिने धरले, तर महिन्याला साडेबाराशे. डब्यांइतके, म्हणजे नऊ हजार शंभर मिळवायचे तर महिन्याला एक्याण्णव किलो मसाला जायला हवा. आणि दोन महिन्यांचा माल बाहेर राहणार म्हणजे एकशे ब्याऐंशी किलो, जवळपास ब्याऐंशी हजार रुपये कायमचे अडकलेले. बारा हजारांत ब्याऐंशी हजारांचा धंदा बसत नाही. त्यात मिरची स्वस्त मिळते ती उन्हाळ्याच्या आगेमागे. वर्षभर एकाच चवीचा माल द्यायचा तर तेव्हाच साठा करावा लागतो, म्हणजे आणखी पैसे. शिवाय पाकीटबंद मालावर वजन, तारीख, किंमत, नोंदणी क्रमांक छापावे लागतात. खाद्यपदार्थाची सरकारी नोंदणी डब्यांनाही लागते, पण डब्यावर लेबल चिकटवावं लागत नाही.

"म्हणजे मसाला सोडून द्यायचा?" तिने विचारलं. तिचा जीव मसाल्यात होता, हे मला दिसत होतं.

सोडायचा नाही, शिंप्याच्या वाटेने जायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते. आता घरात माणसं कमी, नोकरीच्या बायकांना मसाले भाजत बसायला वेळ नाही. सामान त्यांचं, भाजणं-निवडणं आणि डंकावर नेणं आपलं. किलोला एकशे वीस मजुरी. वीस घरांची पाच-पाच किलो चटणी केली तर शंभर किलोचे बारा हजार. भांडवल शून्य, परत येणारं पाकीट शून्य. दुसऱ्या वर्षी त्याच घरांना सांगायचं, की सामान आणायची दगदग नको, मीच आणते. निम्मे पैसे आगाऊ द्या. तेव्हा तो माल झाला, पण गिऱ्हाइकाच्या पैशांवर. दिवाळीच्या फराळाची आगाऊ मागणी घेणाऱ्या बायका हेच करत असतात. त्या कच्च्या सामानाचे पैसे आधी घेतात आणि मगच कढई तापवतात.

या वाटेचा आणखी एक फायदा पैशाच्या पलीकडचा आहे. कोणता माल खपेल हे सेवा करताना आपोआप कळतं. पुण्याचे कैलास काटकर कॅलक्युलेटर दुरुस्त करत होते, पुढे संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत सारखे व्हायरस सापडत. त्यांचे भाऊ संजय यांनी त्यावर उपाय म्हणून प्रणाली लिहिली आणि त्यातून नव्वदच्या दशकात क्विक हील उभं राहिलं. माल तयार होईपर्यंत दुरुस्ती घर चालवत होती, आणि कोणता माल हवा हेही दुरुस्तीनेच सांगितलं. वीस घरांची चटणी केल्यावर माझ्या पुतणसुनेलाही कळेल, की किती घरांना तिखट चालतं आणि किती जणी पुन्हा तीच चव मागतात.

मी सेवेची बाजू घेते असं वाटेल, तर तिची मर्यादाही सांगते. सेवा आपल्या दोन हातांना बांधलेली असते. दहाचे वीस डबे होतील, पंचवीस होतील. पुढे मदतनीस बाई ठेवावी लागते आणि मग उरणारे पैसे लगेच वाढत नाहीत. ताप आला, माहेरी लग्न निघालं, की त्या दिवसाचं उत्पन्न शून्य. डबा आज दिला की उद्या पुन्हा पहाटे पाचला उठायचंच. माल मात्र आपण झोपलेलो असतानाही फळीवर विकला जातो. माणसाला कधी ना कधी मालाकडे जावंसं वाटतं, ते योग्यच आहे. प्रश्न असतो केव्हा जायचं याचा.

माझ्या अनुभवाने तीन गोष्टी जमल्या की जावं. गिऱ्हाईक एकाच ठरावीक वस्तूसाठी पुन्हा येऊ लागावं. मालाच्या दोन फेऱ्यांचे पैसे घरखर्चाला हात न लावता बाजूला असावेत, कारण पहिली फेरी फळीवर असताना दुसरी करावी लागते. आणि सेवेचं उत्पन्न चालू असावं, निदान वर्षभर. ही तिसरी अट मी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मशीनची किंमत देऊन शिकले, आणि ती किंमत माझी नव्हती.

पुतणसुनेच्या वहीत मी तीन रकाने आखून दिले: गेले, आले, अडकले. दर रविवारी तिन्ही भरायचे. पहिले दोन सगळेच लिहितात. अडकले हा रकाना कोणी लिहीत नाही, कारण तो नफ्यासारखा दिसतो. येणे आहे ना, मग काळजी कसली! पण विक्री वाढत असताना हा रकाना 'आले'पेक्षा वेगाने वाढू लागला, तर धंदा बुडायला लागला आहे असं समजावं, नफा कितीही दिसो. त्या बाईंच्या वहीत हा रकाना असता तर मला सहाव्या महिन्यातच दिसलं असतं. तेव्हा दुकानं वाढवणं थांबवून, दहा दुकानांतला माल उचलून आणला असता तर मशीन राहिलं असतं.

आता आश्विन लागलाय. तिचे आठ डबे पंधरवड्याच्या आगाऊ पैशांवर जातात. चटणी तिने उन्हाळ्यात अकरा घरांची करून दिली, वीस नाही मिळाली. परवा ती फराळाच्या मागण्यांची यादी घेऊन आली. चकली, कडबोळी, अनारसे, आणि प्रत्येक नावापुढे आगाऊ मिळालेली रक्कम. एका नावापुढे रकाना रिकामा होता. मी विचारलं, तर म्हणाली, "ओळखीच्या आहेत हो काकू, त्यांच्याकडे आधी कसे मागायचे?"

मी पेन्सिल घेतली आणि ते नाव 'अडकले'च्या रकान्यात लिहिलं.